आई बरी झाली, आता केअरटेकर ताईंना निरोप कसा द्यायचा?

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. गेल्या ऑगस्टमध्ये पडून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. ११ ऑगस्टपासून ब्युरोमार्फत आलेल्या एक ताई चोवीस तास आमच्याकडे पुण्यात राहतात. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या. पगार २४,००० रुपये थेट त्यांना, ब्युरोचं कमिशन वेगळं. आता एप्रिल संपत आलाय. आई काठी घेऊन चालते, अंघोळही स्वतः करते. ताईंना थांबवायचं आहे, पण नीट, मानाने. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरल्या होत्या, साठवल्या तरी चालतील असं बोलणं होतं. आजपर्यंत त्यांनी नऊच घेतल्या. जानेवारीत १५,००० उचल दिली होती, दरमहा ३,००० कापतो, ६,००० बाकी आहेत. दिवाळीला ५,००० दिले. कधी सांगायचं, हिशेब कसा करायचा, बोनस किती द्यायचा? भाऊ म्हणतो, पगार दिला की झालं. आईने मध्ये कधीतरी त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचं ‘आपण बघू’ असंही म्हटलं होतं.

उत्तर :

१ मेला सांगा आणि ३१ मे हा शेवटचा दिवस ठरवा. हक्काचे पैसे एका कागदावर मांडा आणि बोनस त्यापासून पूर्ण वेगळा द्या. माझं काम घरोघरी रुग्णसेवेसाठी बायका पाठवण्याचं आहे, त्यामुळे अशा निरोपांच्या दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. चांगल्या घरांमध्येही कटुता येते ती बहुधा दोनच कारणांनी. एक म्हणजे फार उशिरा सांगणं, आणि दुसरं म्हणजे देणं आणि भेट यांची सरमिसळ.

आधी उशिराचं बोलते. दिवसाची ड्युटी करणाऱ्या बाईचं काम सुटलं तर तिचा पगार जातो. चोवीस तास राहणाऱ्या बाईचा पगार जातोच, शिवाय रात्री टेकायची जागा आणि दोन वेळचं जेवणही त्याच दिवशी जातं. तुमच्या ताईंची पुण्यात खोली असण्याची शक्यता कमी आहे. चोवीस तासांच्या ड्युटीवाल्या बायका खोली ठेवत नाहीत, कारण रिकाम्या खोलीचं भाडं कोण भरणार? एका घरून दुसऱ्या घरी जायचं, मधले दिवस गावी काढायचे किंवा ब्युरोच्या खोलीत रोजचे पैसे मोजून राहायचं, असं त्यांचं चालतं. रात्री नऊला ब्युरोला फोन येतो, ‘उद्यापासून नको, आई बरी आहे.’ फोन करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ती बाई सकाळी पिशवी घेऊन रस्त्यावर असते. म्हणून महिन्याची आगाऊ सूचना ही तुमच्या निरोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, बोनसपेक्षाही. त्या महिन्यात त्या पुढचं काम बघतील आणि गावाकडच्यांना कळवतील.

पुष्कळ घरांना भीती असते की आधी सांगितलं तर बाई लक्ष देणार नाही किंवा मध्येच सोडून जाईल. लक्ष न देणारी बाई सांगण्याआधीही देत नसते, आणि तुमच्याकडे नऊ महिने टिकलेली बाई त्यातली नाही. मध्येच दुसरं काम मिळून त्या १८ मेला निघाल्या, तर निघू द्या. पगार १८ तारखेपर्यंतचा द्या, बोनसमधून काही कापू नका, कारण बोनस झालेल्या कामाचा आहे. तुम्हालाच घाई असेल आणि १० मेलाच थांबवायचं असेल, तर उरलेल्या २१ दिवसांचा पगार सूचनेच्या बदल्यात द्यावा. मी सगळ्या घरांना असंच सांगते.

सांगण्याचा क्रम मात्र सांभाळा. आईची बुद्धी शाबूत आहे, तेव्हा निर्णय आधी आईशी बोलून पक्का करा. लगेच त्याच दिवशी ताईंना सांगा आणि त्यानंतर ब्युरोला. सोसायटीतल्या पोळीवाल्या मावशींकडून ही बातमी ताईंच्या कानावर गेली, तर तुम्ही पुढे कितीही चांगलं वागलात तरी ती सल राहते. सांगताना आई, तुम्ही आणि ताई एवढेच बसा. टीव्ही बंद करा, ताईंना खुर्चीत बसवा. वाक्य सरळ असू द्या : ‘ताई, तुमच्यामुळे आई पायावर उभी राहिली. आता तिचं तिला जमतंय, म्हणून चोवीस तासांचं काम ३१ मेला थांबवायचं ठरवलंय. तुमचा सगळा हिशेब मी लिहून आठ दिवसांत दाखवतो.’ कारण आणि तारीख दोन्ही पहिल्याच बोलण्यात आली पाहिजेत. ‘बघू, पुढच्या महिन्यात विचार करू’ असं अर्धवट सोडलं तर बाई रोज सकाळी ‘आज सांगतात की काय’ या धास्तीत उठते. बोनसचा आकडा मात्र पहिल्या दिवशी बोलू नका. तो ऐकला की काम सुटल्याचं ऐकायचं राहून जातं, आणि मग दोन दिवसांनी तेच पुन्हा बोलावं लागतं.

आता आईच्या तयारीबद्दल. तुम्ही दिवसाचं लिहिलंय, माझा प्रश्न रात्रीचा आहे. काठी घेऊन चालणारी बाई दिवसा हॉलमध्ये छान चालते आणि पहाटे तीनला झोपेतून उठून बाथरूमला जाताना तोल जातो, हे वारंवार घडतं. ताई असल्या की त्या आवाजाने जाग्या होतात, तेव्हा घरच्यांना त्या फेऱ्या कळतसुद्धा नाहीत. ताईंना विचारा, रात्री आई किती वेळा उठते आणि तुम्ही हात देता की नुसत्या मागे उभ्या राहता? उत्तर ‘हात देते’ असेल, तर तारीख थोडी पुढे ढकला किंवा रात्रीपुरती वेगळी सोय करा. फिजिओकडून एक साधी चाचणीही करून घ्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. या सगळ्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. धोका दिसला म्हणून ताईंना ठेवलंच पाहिजे असं नाही. पण पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा, वाटेतली सतरंजी उचलणं आणि उशाशी फोन एवढं तरी ताई असतानाच करून घ्या. दांडा कुठल्या उंचीवर हवा, हे त्यांना तुमच्या सुतारापेक्षा जास्त कळतं.

इथे साठलेल्या सुट्ट्या उपयोगी पडतात. मेच्या मध्यावर ताईंना चार दिवस सुट्टी द्या, भरपगारी, त्यांच्याच हक्कातली. त्यांना स्पष्ट सांगा, ‘तुम्ही गावी जाऊन या, आम्हालाही कळेल आई एकटी कशी राहते.’ त्या चार रात्रींत कुठे अडतं ते समजतं आणि ताई परत आल्यावर ते सोडवायला पंधरा दिवस हातात असतात. गोळ्यांचा डबा आई स्वतः भरू शकते का? गरम पाण्याची बादली कोण उचलतं? दुपारी घरात कोणी नसताना दाराची बेल वाजली तर ती घाईने उठते का? या बारीक गोष्टी ताई मुकाट्याने करत असतात आणि त्या नसल्यावरच दिसतात. आई उदास झाली, जेवण कमी केलं, तर तेही लक्षात घ्या. नऊ महिने जिच्याशी सकाळच्या चहापासून रात्रीच्या झोपेपर्यंत बोलणं झालं ती बाई जाते आहे. आईला दुपारच्या दोन तासांपुरती सोबत लागणार असेल, तर त्याची सोय मेमध्येच बघा.

आता हिशेब. तुमचा पगाराचा महिना ११ ते १० असा चालतो. शेवटच्या हिशेबात सगळ्यात जास्त वाद याच्यावरून होतात, कारण घरचे पहिली ते तीस धरतात आणि बाई तारखेपासून तारखेपर्यंत मोजते. बाईचं बरोबर असतं. १० मेला नेहमीसारखा पगार द्या, उचलीचे ३,००० कापून २१,०००. मग उरतात ११ ते ३१ मे, म्हणजे २१ दिवस. एका दिवसाचा दर २४,००० भागिले ३०, म्हणजे ८०० रुपये. महिना ३१ चा असला तरी ३० नेच भागा. चोवीस तासांच्या कामाला आम्ही तोच धरतो आणि ताईंनाही तो तोंडपाठ असतो. २१ दिवसांचे १६,८०० झाले.

सुट्ट्यांचं बघू. ११ ऑगस्ट ते १० मे नऊ महिने, दोनप्रमाणे १८ सुट्ट्या. पुढच्या २१ दिवसांची साधारण दीड सुट्टी होते, ती पूर्ण दोन धरा. असा अपूर्णांक नेहमी बाईच्या बाजूने पूर्ण करावा, रुपयांत तो काहीच नसतो आणि मनात फार असतो. एकूण २०. त्यातल्या ९ झाल्या, मेमधल्या ४ जातील, राहिल्या ७. गुणिले ८०० केले की ५,६०० रुपये. हे पैसे त्यांच्या कामाचे आहेत. त्या सात दिवशी त्या घरी जाऊ शकल्या असत्या, पण तुमच्या आईपाशी थांबल्या. कोणी म्हणेल, सुट्टी घेतली नाही तर गेली. ‘साठवल्या तरी चालतील’ असं तुमचं बोलणं झालं होतं, तेव्हा इथे तो प्रश्नच येत नाही.

त्यांनी पदरचे काही खर्च केलेत का ते विचारा. भाजी, कोथिंबीर, रिक्षा, मेडिकलमधून आणलेलं मलम. बऱ्याच बायका हे मागत नाहीत, मनात मात्र ठेवतात. समजा ६४० निघाले. आता बेरीज : १६,८०० अधिक ५,६०० अधिक ६४०, एकूण २३,०४०. त्यातून उचलीचे राहिलेले ३,००० वजा. देणं २०,०४० रुपये.

उचल माफ करावी का, असं तुमच्या मनात येईल. माझं मत, करू नका. ती उघडपणे कापा आणि कागदावर ‘उचल पूर्ण फिटली’ असं लिहा. फेडलेल्या उचलीचा बाईला अभिमान असतो, पुढच्या घरी ती सांगू शकते. द्यायचंच असेल तर बोनसमध्ये तेवढे वाढवा. मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. काही घरं उचल सोडतात, सुट्ट्यांचे पैसे त्यात मिसळतात, वर थोडी रक्कम घालतात आणि सगळ्याला मिळून ‘बोनस’ म्हणतात. आकडा मोठा दिसतो, घरच्यांना आपण भरपूर दिलं असं वाटतं. बाई एसटीत बसून बोटांवर मोजते आणि तिच्या लक्षात येतं की यातले निम्मे आपलेच होते. मग उरलेल्या निम्म्यांचाही आनंद राहत नाही.

बोनस किती, याला तुमच्यावर कायद्याचं बंधन नाही. बोनसचा कायदा वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागतो, ग्रॅच्युइटीचा दहा किंवा जास्त माणसांच्या. तुमचं घर त्यात येत नाही. पण त्या कायद्यांतली मापं अंदाजाला चांगली आहेत. बोनसचं किमान प्रमाण ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. ग्रॅच्युइटीचं माप वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. तेव्हा तुमच्या बाबतीत १२,००० ही खालची मर्यादा समजा आणि २४,००० ही चांगली रक्कम. मी पूर्ण महिन्याचा पगार सुचवेन. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन महिने बेडपॅन, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, रात्री दर दोन तासांनी उठणं, हे काम पगारात बसत नाही. आई इतकी चालती झाली त्यात सर्जनइतकाच त्यांचाही हात आहे. दिवाळीचे ५,००० यातून वजा करू नका, ते दिवाळीचे होते. भाऊ ‘पगार दिला की झालं’ म्हणतात, त्यांना एक विचारा : उद्या आई पुन्हा पडली तर कोणाला फोन करणार?

पैसे ३० तारखेच्या सुमारास द्या, शेवटच्या सकाळी नको. देणं आणि बोनस असे दोन वेगळे व्यवहार करा, ताईंच्या स्वतःच्या खात्यात. खातं नवऱ्याचं किंवा भावाचं असेल तर त्यांना एकटीला विचारा, पैसे कुठे पाठवू? मे महिना हाताशी आहे, त्यांच्या नावाचं खातं नसेल तर एवढ्या वेळात उघडता येतं. ४४,००० रुपये रोख घेऊन रात्रीच्या गाडीने लातूरला पाठवणं मला बरोबर वाटत नाही. रोखच द्यावे लागले तर त्यांच्यासमोर दोनदा मोजा आणि पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या. पाच हजारांवरच्या पावतीला तो लागतो.

कागद मराठीत आणि अर्ध्या पानाचा असावा. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. मी घरांना साधारण असा मजकूर देते :

*काम सुरू ११ ऑगस्ट, काम संपले ३१ मे. पगार दरमहा २४,०००. १० मेपर्यंतचा पगार मिळाला.*
*११ ते ३१ मे, २१ दिवस : १६,८००*
*शिल्लक सुट्ट्या ७ : ५,६००*
*पदरचा खर्च : ६४०*
*उचलीची बाकी वजा : ३,०००. उचल पूर्ण फिटली.*
*एकूण देणे : २०,०४०*
*याशिवाय कामाबद्दल बोनस, वेगळा : २४,०००*
*वरील रकमा मिळाल्या.*

आठ दिवस आधी हा कागद त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या मुलीला फोनवर पाठवायचा असेल तर पाठवू द्या. सहीसाठी घाई करू नका. त्या म्हणाल्या, ‘दादा, दिवाळीला मी पाच नाही, चारच दिवस गेले होते’, तर कॅलेंडर काढून बघा. पटलं तर ८०० वाढवा. पटलं नाही तरी मी वाढवायलाच सांगेन. एका दिवसाच्या पगारावरून नऊ महिन्यांचं नातं तोडणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांना नंतर हळहळतानाही पाहिलं आहे. ‘यापुढे माझा कोणताही दावा नाही’ अशी वकिली वाक्यं कशाला घालायची? हिशेब स्वच्छ असला की त्यांची गरज पडत नाही, आणि बाई मात्र घाबरते.

मुलीच्या फीचा विषय सोडू नका, मला हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग वाटतो. आजारपणात माणूस कृतज्ञतेने भरून येतो आणि काहीतरी बोलून जातो. बोलणारा विसरतो. ऐकणारी मुलीला त्याच रात्री फोन करून सांगते. ताई हा विषय स्वतः काढणार नाहीत, कारण मागितल्यासारखं होतं. तुम्ही काढा. आईला विचारा, मनात नेमकं काय होतं? मग एक आकडा आणि एक तारीख ठरवून सांगा : ‘मुलीच्या पहिल्या हप्त्यातले दहा हजार आम्ही भरतो, प्रवेशाची पावती आली की कॉलेजच्या खात्यात.’ जमणार नसेल तर तेही सांगा : ‘आई बोलली होती, पण आत्ता आम्हाला ते शक्य नाही.’ ऐकायला जड जातं, पण ताई त्या पैशांवर विसंबून प्रवेश घेणार नाहीत. फक्त एक पथ्य पाळा, या रकमेला बोनस म्हणू नका आणि बोनसमधून ती वळती करू नका. तो आईचा शब्द आहे, वेगळाच राहू द्या.

अनुभवाचं पत्र द्यायला मात्र अजिबात विसरू नका. पुढच्या कामाचा पगार त्यावर ठरतो. ‘प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ’ असं सगळेच लिहितात आणि पुढचं घर ते वाचतही नाही. ताईंनी प्रत्यक्ष काय केलं ते लिहा. ७४ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत आणि वॉकरवर घेणं, फिजिओने सांगितलेले व्यायाम रोज करून घेणं, सुरुवातीला बेडपॅन आणि अंग पुसणं, बीपी मोजून वहीत लिहिणं, गोळ्या वेळेवर देणं, आणि नऊ महिन्यांत रुग्णाला एकही बेडसोर झाला नाही. हे शेवटचं वाक्य खरं असेल तर सोन्यासारखं आहे. इंजेक्शन किंवा कॅथेटरचं काम त्यांनी केलं नसेल तर लिहू नका, आणि प्रेमापोटी ‘नर्स’ असंही लिहू नका. त्या पत्रावर विसंबून कोणी त्यांना झेपणार नाही असा पेशंट देईल. कामाच्या तारखा, तुमची सही आणि ‘चौकशीसाठी फोन केला तरी चालेल’ म्हणून तुमचा नंबर असावा. ब्युरोने किंवा तुम्ही त्यांचं मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं असेल तर ते परत मिळालं का, हेही बघा.

ब्युरोला १ मेलाच मेसेजने कळवा : शेवटचा दिवस, कमिशन कुठपर्यंत, डिपॉझिट असेल तर परत कधी. सोबत लिहा की काम रुग्ण बरा झाल्यामुळे थांबतंय. हे वाक्य ताईंसाठी आहे. कारण न कळवता काम बंद झालं की ब्युरोच्या वहीत ‘घराने काढलं’ अशी नोंद जाते आणि पुढची चांगली केस दुसरीला मिळते.

घरातल्या वस्तूंचं हस्तांतर शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी, आईच्या समोर, ताईंकडूनच करून घ्या. किल्ली, औषधांचा ड्रॉवर, बीपीचं मशीन, तुम्ही दिलेला मोबाइल. त्याच बैठकीत आईच्या सवयी लिहून घ्या : कुठल्या गोळीने पोट बिघडतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, थकली की आधी काय होतं. निघताना पिशवी उघडून बघणं हा प्रकार कृपा करून करू नका. एखादी वस्तू सापडत नसेल तर निघायच्या दिवशी दारात विषय काढायचा नाही. आधीच्या हस्तांतरात ती कुठे आहे ते कळतंच.

साडी द्यायची असेल तर त्यांना बरोबर नेऊन त्यांच्या आवडीची घ्या. ओटी भरणार असाल तर आईने आधी त्यांना हळूच विचारावं. या कामात विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका बऱ्याच असतात. काहींना ओटी भरलेली फार आवडते, काहींना चारचौघांत अवघडायला होतं. आईचे जुने कपडे, जुनी भांडी वगैरे द्यायची तर वेगळ्या दिवशी, त्यांना हवं असेल तरच. निरोपाच्या भेटीत ती नकोत. ३१ तारखेला त्यांना सकाळची गाडी मिळेल असं बघा, म्हणजे उजेडात गावी पोहोचतील, आणि तिकीट तुम्ही काढा.

आणि पुढचं एक. ‘गरज लागली तर बोलवू हं’ असं मोघम म्हणू नका. ताई ते खरं धरून दुसरी केस नाकारतात. खरोखर बोलवायचं असेल, समजा तुम्ही दिवाळीत आठ दिवस बाहेर जाणार आहात, तर आत्ताच तारखा आणि रोजचा दर ठरवा. थोड्या दिवसांच्या कामाचा दर महिन्याच्या दरापेक्षा जास्त असतो, ८०० च्या जागी हजाराच्या पुढे धरा. दुसरी केस सुरू असेल तर त्या येऊ शकणार नाहीत, हेही मान्य ठेवा. आईने फोन जरूर करावा, पण पहिले काही दिवस संध्याकाळी, ताईंना वेळ विचारून. नव्या घरी ड्युटीवर असताना जुन्या पेशंटचे सारखे फोन आले की तिथली माणसं नाराज होतात.